व्यक्तिगत, वास्तविक, नामधारी: खात्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या शिकवणीत दर वर्षी जून-जुलैत हे प्रश्न सुरू होतात आणि मार्चपर्यंत मोबाईलवर येत राहतात. विचारणाऱ्यांत अकरावीची मुलं असतात, तसेच नुकतेच पेढीवर बसू लागलेले तरुणही असतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, तेच इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे दिलं आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक टाकला आहे.

१. सर, ‘नावे’ म्हणजे वाईट आणि ‘जमा’ म्हणजे चांगलं, असंच ना?

नाही. नावे ही खात्याची डावी बाजू आणि जमा ही उजवी बाजू, यापलीकडे या शब्दांना सुरुवातीला कोणताही अर्थ लावू नका. प्रत्येक व्यवहार किमान दोन खात्यांत लिहिला जातो. एकाच्या डावीकडे जेवढी रक्कम, तेवढीच दुसऱ्याच्या उजवीकडे. घरात आपण ‘पैसे जमा झाले’ म्हणतो तेव्हा आनंदाची बातमी असते, म्हणून मुलं रोख आली की रोख खाते जमा करून टाकतात. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

२. तीन प्रकारची खाती आणि त्यांचे तीन नियम एकदा नीट सांगा.

व्यक्तिगत खाते म्हणजे माणसाचं किंवा संस्थेचं खाते: गिऱ्हाईक, माल देणारा कारागीर, बँक, सहकारी सोसायटी. धंद्याच्या मालकाचं भांडवल खातेही यातच येतं, कारण हिशेबात धंदा वेगळा आणि मालक वेगळा. नियम असा: लाभ घेणारा नावे, लाभ देणारा जमा.

वास्तविक खाते म्हणजे धंद्याच्या मालकीच्या वस्तूंचं खाते: रोख, यंत्र, फर्निचर, इमारत. हाताला न लागणारे नावलौकिक आणि ट्रेडमार्कही यात धरतात. नियम: जे येते ते नावे, जे जाते ते जमा.

नामधारी खाते म्हणजे खर्च, तोटा, उत्पन्न आणि नफा यांचं खाते: भाडे, पगार, घसारा, मिळालेले कमिशन. यांना हात लावता येत नाही आणि यांच्याकडून वसुलीही होत नाही. नुसतं नाव असतं. नियम: खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफे जमा.

एक सावधगिरी इथेच सांगतो. काही पुस्तकांत वास्तविक खात्याला ‘संपत्ती खाते’ म्हणतात. प्रश्न ८ मध्ये येणाऱ्या आधुनिक पद्धतीतही ‘संपत्ती’ हा शब्द येतो, पण त्याचा परीघ मोठा आहे. घोटाळा नको म्हणून या पानावर आधुनिक अर्थासाठी मी ‘मालमत्ता’ म्हणेन.

३. नियम पाठ आहेत, पण व्यवहार समोर आला की काही सुचत नाही. सुरुवात कुठून करायची?

तीन पायऱ्या ठेवा. कोणती दोन खाती हलली ते आधी शोधा. मग प्रत्येक खात्याचा प्रकार ठरवा. नियम शेवटी लावा. बहुतेक जण थेट नियमावर उडी मारतात आणि दोन्ही खात्यांना एकच नियम लावतात. दोन खाती दोन वेगळ्या प्रकारची असू शकतात, आणि मग प्रत्येकाला आपापला नियम लागतो.

समजा, चप्पल लाइनमध्ये एकाने कोल्हापुरी चपलांचं दुकान काढलं. मालकाने ३,००,००० रुपये रोख आणले. रोख आली, ते वास्तविक खाते, म्हणून नावे. मालकाने दिले, ते व्यक्तिगत खाते, म्हणून भांडवल जमा. त्यातले २,००,००० बँकेत भरले. बँकेने घेतले म्हणून बँक नावे, रोख गेली म्हणून रोख जमा. कारागिराकडून ८०,००० च्या चपला उधारीवर घेतल्या. खरेदी नावे, माल देणारा म्हणून कारागीर जमा. त्याला लगेच पैसे दिले नाहीत, म्हणून रोख आणि बँक या व्यवहारात कुठेही नाहीत. शिलाईयंत्र २४,००० चा धनादेश देऊन आणलं. यंत्र आलं म्हणून नावे. पैसे बँकेने दिले म्हणून बँक जमा. रोख विक्री ४५,००० झाली. रोख नावे, विक्री जमा. महिनाअखेर नोकराचा ९,००० पगार द्यायचा राहिला. पगार नावे, अदत्त पगार जमा. या शेवटच्या नोंदीवर प्रश्न ७ मध्ये सविस्तर बोललो आहे.

आता तेरीज मांडा. नावे बाजूला रोख १,४५,०००, बँक १,७६,०००, खरेदी ८०,०००, यंत्र २४,००० आणि पगार ९,०००. जमा बाजूला भांडवल ३,००,०००, कारागीर ८०,०००, विक्री ४५,००० आणि अदत्त पगार ९,०००. दोन्हीकडे बेरीज ४,३४,००० येते. हा महिना स्वतः वहीत एकदा उतरवा, कारण पुढच्या उत्तरांत याच दुकानाकडे परत येणार आहे.

४. रोख वास्तविक आणि बँक व्यक्तिगत, असं का? पैसे तर दोन्ही आपलेच.

कारण गल्ल्यातली नोट ही वस्तू आहे, आणि बँकेतली शिल्लक हे बँक नावाच्या संस्थेकडून आपलं येणं आहे. बँक ही कृत्रिम व्यक्ती, म्हणून व्यक्तिगत खाते. तर्क बरोबर आहे, पण नवख्याला तो अडतोच. यंत्राचा धनादेश दिला की मुलं म्हणतात, ‘बँकेतून पैसे गेले, जाते ते जमा’. उत्तर बरोबर येतं, नियम मात्र चुकीचा लावलेला असतो. परीक्षेत ‘खात्याचा प्रकार व नियम लिहा’ आलं की गुण तिथे जातात. आधुनिक पद्धतीत ही अडचण राहत नाही, कारण रोख आणि बँक शिल्लक दोन्ही मालमत्ताच.

५. पासबुकात पैसे भरले की जमा दिसतात, आमच्या वहीत बँक नावे. कोण चुकतं?

कुणीच नाही. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल. बँकेच्या वहीत तुम्ही व्यक्ती आहात आणि पैसे देणारे आहात, म्हणून जमा. तुमच्या वहीत बँक ही व्यक्ती आणि ती घेणारी, म्हणून नावे. पासबुक आणि वही एका रकान्यात दिसू लागली, तर कुणीतरी पासबुक बघून वही लिहिली आहे असं समजा.

६. खरेदी आणि विक्री खाती नामधारी की वास्तविक? दोन सरांनी दोन उत्तरं दिली.

दोघांचंही म्हणणं कुठून येतं ते सांगतो. ‘माल’ ही वस्तू आहे. पूर्वी मालाचं एकच खाते ठेवत, आणि त्या अर्थाने ते वास्तविक. पण आपण माल खाते फोडून खरेदी, विक्री, खरेदी परत, विक्री परत अशी वेगळी खाती ठेवतो, आणि ती वर्षअखेर व्यापार खात्यात जाऊन बंद होतात. वर्षअखेर बंद होणं हे नामधारी खात्याचं लक्षण, म्हणून मी ती नामधारीत धरतो. वर्षअखेर उरलेला मालसाठा ताळेबंदात जातो, तो वास्तविक. नोंद मात्र दोन्ही मतांनी एकच येते: माल आला म्हणा की खर्च झाला म्हणा, खरेदी नावेच. म्हणून यावर वाद घालत बसू नका. तुमचं पाठ्यपुस्तक जे म्हणतं ते परीक्षेत लिहा.

७. ‘पगार’ नामधारी आणि ‘अदत्त पगार’ व्यक्तिगत? हे कसं?

मला येणाऱ्या प्रश्नांत हा पहिल्या नंबरचा. प्रश्न ३ मधला नोकर महिनाभर राबला. त्याची मेहनत धंद्याला मिळाली, पैसे मात्र मिळाले नाहीत. म्हणजे त्याने दिलं आहे आणि त्याचं ९,००० येणं आहे. एकच नोकर असेल तर त्याच्या नावाचंच खाते काढून जमा करता येतं. पाच-सहा नोकर असले की प्रत्येकाचं खाते न काढता सगळ्यांच्या वतीने एक खाते काढतात, ते अदत्त पगार. माणसांचं प्रतिनिधित्व करतं म्हणून प्रातिनिधिक व्यक्तिगत खाते.

पूर्वदत्त विम्याचं उलट आहे. पुढच्या काळाचा हप्ता आपण आधीच भरला, विमा कंपनीने तो घेतला, तिच्याकडून सेवा मिळायची आहे. घेणारी म्हणून नावे. ओळखायची खूण अशी: खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या नावाआधी ‘अदत्त’, ‘पूर्वदत्त’, ‘येणे असलेले’, ‘आगाऊ मिळालेले’ असं काही लागलं की खाते नामधारी राहत नाही, व्यक्तिगत होतं.

खूण पाठ होते, तरी चूक होतेच. अदत्त पगारात ‘पगार’ दिसतो, खर्च वाटतो आणि हात नावे बाजूला जातो. दोन्ही खाती नावे झाली की एका बाजूला ९,००० जास्त आणि दुसरीकडे ९,००० कमी, म्हणजे तेरजेत १८,००० चा फरक. तेरजेचा फरक दोनने भागून पाहायची जुनी सवय याचसाठी आहे. भागून आलेली रक्कम वहीत सापडली की ती चुकीच्या बाजूला बसल्याचा संशय घ्यावा.

८. आधुनिक पद्धत नेमकी वेगळी कशात?

ती खात्याचा प्रकार तीनऐवजी पाच गटांत विचारते: मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च. आणि घेणारा-देणारा, येते-जाते हे सोडून एकच गोष्ट विचारते: वाढलं की घटलं? मालमत्ता आणि खर्च वाढले की नावे, घटले की जमा. देणी, भांडवल आणि उत्पन्न वाढले की जमा, घटले की नावे.

हे नुसतं पाठ करू नका, कारण ते एका समीकरणातून निघतं: मालमत्ता = देणी + भांडवल. डावीकडचं डावीकडे वाढतं, उजवीकडचं उजवीकडे. मग खर्च मालमत्तेच्या बाजूला कसा, असं हुशार मुलं विचारतात आणि विचारायलाच हवं. खर्चाने मालकाचं भांडवल घटतं. भांडवल उजवीकडचं, म्हणून त्याची घट डावीकडे, नावे. उत्पन्नाने भांडवल वाढतं, म्हणून ते जमा. खर्च आणि उत्पन्न हे भांडवलाचेच दोन कप्पे, वर्षभर वेगळे ठेवलेले. एवढं पटलं की पाच गटांचं ओझं राहत नाही.

आता चप्पल दुकानाचा महिना याने तपासा. रोख मालमत्ता वाढली, भांडवल वाढलं. बँक मालमत्ता वाढली, रोख मालमत्ता घटली. पगाराचा खर्च वाढला, नावे. नोकराला द्यायचं देणं वाढलं, जमा. अदत्त पगारासाठी अदृश्य माणूस कल्पावा लागला नाही. ‘द्यायचं आहे ना? मग देणं’, एवढ्यात काम झालं. नवख्याला आधुनिक पद्धत इथेच खरी हलकी वाटते.

९. गिऱ्हाईक बुडालं, एक पैसा दिला नाही. तरी त्याचं खाते ‘देणारा’ म्हणून जमा?

प्रश्न २ मधल्या तीन नियमांना सुवर्णनियम म्हणतात. त्यातला घेणारा-देणारा नियम शब्दशः घेतला की तो इथे अडतो. समजा, गिऱ्हाइकाकडून ५,००० यायचे होते आणि ते आता येणार नाहीत हे नक्की झालं. नोंद: बुडीत कर्ज नावे, गिऱ्हाईक जमा. पहिली बाजू सरळ आहे, तोटा नावे. दुसऱ्या बाजूला त्या माणसाने काहीच दिलेलं नाही. जुने शिक्षक म्हणतात की त्याच्या येण्यातून आपण त्याला मोकळं केलं, म्हणून ते खाते बंद करायला जमा. हे समजावणं आहे. नियम मात्र तसा बोलत नाही.

घसाऱ्याचंही तसंच. यंत्रावर २,४०० घसारा काढला की यंत्र खाते जमा, ‘जाते ते जमा’. पण यंत्र तर दुकानातच आहे! गेली ती किंमत, वस्तू जागेवरच. आधुनिक पद्धतीत दोन्ही ठिकाणी एकच वाक्य पुरतं: मालमत्ता घटली, म्हणून जमा. ज्या नोंदींत कुणी काही घेत-देत नाही आणि काही येत-जात नाही, अशा वर्षअखेरच्या समायोजनांना मी सरळ आधुनिक पद्धतच शिकवतो.

पण तिचीही एक खाच आहे. घसारा यंत्रातून न वजा करता ‘घसारा तरतूद’ असं वेगळं खाते काढलं, तर त्याची शिल्लक जमा असते. मुलं जमा शिल्लक पाहून त्याला देणं म्हणतात. हे कुणाचंही देणं नाही. मालमत्तेची घट वेगळ्या पानावर लिहिली आहे, इतकंच. ताळेबंदात ती यंत्रातूनच वजा दाखवायची.

१०. आमची गुळाची अडत आहे. आमच्याकडे ‘उचल’ शेतकऱ्याची असते, पुस्तकात ‘उचल’ मालकाची. कुठली खरी?

दोन्ही, पण ती दोन वेगळी खाती आहेत. हा प्रश्न आपल्याकडेच जास्त येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

पुस्तकातली उचल म्हणजे मालकाने घरासाठी धंद्यातून काढलेले पैसे किंवा माल. घरचा खर्च म्हणून मुलं तिला नामधारी ठरवतात. तो धंद्याचा खर्च नाहीच. मालक घेणारा, म्हणून व्यक्तिगत आणि नावे. आधुनिक भाषेत भांडवल घटलं, नावे.

मार्केट यार्डातली उचल म्हणजे हंगामाआधी अडत्याने गुऱ्हाळवाल्या शेतकऱ्याला दिलेली आगाऊ रक्कम. समजा, ५०,००० दिले. शेतकरी घेणारा, त्याचं खाते नावे. पुढे त्याचा गूळ सौद्यात विकला गेला आणि पट्टीची निव्वळ रक्कम ६२,००० झाली. आता शेतकरी देणारा, ६२,००० जमा. त्याच्या खात्यावर १२,००० जमा शिल्लक उरली, ती दिली की खाते मिटलं.

आधुनिक पद्धतीने हे करायला बसलेला नवखा इथे अडखळतो. शेतकरी आपली मालमत्ता की देणं? हंगामाआधी येणं, पट्टीनंतर देणं, आणि एकाच पट्टीने ५०,००० ची मालमत्ता मिटून १२,००० चं देणं उभं राहिलं. करता येतं, पण डोक्याला ताण. ‘घेणारा नावे, देणारा जमा’ याला मात्र खात्याची शिल्लक कुठल्या बाजूची आहे याच्याशी देणंघेणंच नाही. एकाच माणसाशी दोन्हीकडून व्यवहार चालतो तिथे जुना नियम जास्त सोपा आहे, असं माझं ठाम मत आहे. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यालाही तो तसाच चालतो: शिल्लक आपली असो की बँकेची, पैसे भरले की बँक नावे.

११. टॅलीत लेजर उघडताना व्यक्तिगत-वास्तविक विचारतच नाही. मग शिकायचं कशाला?

टॅली `Under` मध्ये गट विचारते. तिच्यात आधीपासून २८ गट असतात, त्यांपैकी १५ मुख्य. त्या पंधरातले ९ ताळेबंदाचे आणि ६ नफा-तोट्याचे. म्हणजे तिची रचना आधुनिक पद्धतीच्या जवळची. कारागिराचं लेजर `Sundry Creditors` खाली, दुकानभाडं `Indirect Expenses` खाली, यंत्र `Fixed Assets` खाली.

अदत्त पगाराचं लेजर `Indirect Expenses` खाली उघडणं ही नेहमीची चूक. ते `Current Liabilities` खाली हवं. टॅली हरकत घेत नाही, नावे-जमा जुळतातच. पण प्रश्न ३ मधल्या दुकानात पगाराचे ९,००० नावे आणि अदत्त पगाराचे ९,००० जमा, दोन्ही नफा-तोट्यात जाऊन एकमेकांना खातील. नफा ९,००० ने जास्त दिसेल आणि नोकराचं देणं ताळेबंदातून नाहीसं होईल. शंका आली तर `Balance Sheet` उघडून ‘मला कुणाकुणाला द्यायचंय’ ही यादी मनातल्या यादीशी ताडून पाहा.

१२. यंत्र बसवायला मिस्त्रीला १,५०० मजुरी दिली. मजुरी म्हणजे नामधारी ना?

इथे कोणतीच पद्धत तुम्हाला वाचवत नाही. यंत्र चालू होईपर्यंतची वाहतूक आणि बसवण्याची मजुरी ही यंत्राच्या किमतीतच धरतात. म्हणून यंत्र खाते नावे, आणि यंत्र २५,५०० चं. पुढच्या वर्षी तोच मिस्त्री पट्टा बदलायला आला, तर ती दुरुस्ती, म्हणजे खर्च.

मजुरी खाते नावे केलं तरी तेरीज जुळते, म्हणून ही चूक तेरजेत सापडत नाही. नफा १,५०० ने कमी दिसतो आणि यंत्रही तेवढ्यानेच कमी. ज्या महिन्यात नवं यंत्र, फर्निचर किंवा जागा घेतली, त्या महिन्याची मजुरी, वाहतूक आणि दुरुस्ती ही खाती व्हाउचर हातात घेऊन ओळ-ओळ तपासायची. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

१३. मग परीक्षेसाठी कोणती आणि पेढीवर कोणती?

प्रश्नात ‘पारंपरिक पद्धतीनुसार वर्गीकरण करा’ असेल तर तीन प्रकार, ‘आधुनिक’ असेल तर पाच. सरमिसळ केली की गुण कापले जातात. पेढीवर कुणी प्रकार विचारत नाही, नोंद बरोबर हवी. मी स्वतः शिकवताना समीकरणापासून सुरू करतो, गिऱ्हाईक-शेतकऱ्यांच्या खात्यांना घेणारा-देणारा आणतो, आणि वर्षअखेरच्या समायोजनांना पुन्हा वाढलं-घटलं याकडे येतो. एका पद्धतीने केलेली नोंद दुसरीने तपासली आणि उत्तर वेगळं आलं, तर बहुधा खात्याचा प्रकार ठरवतानाच चुकलेलं असतं. तेव्हा प्रश्न ३ मधल्या दुसऱ्या पायरीवर परत जा.